एचडीपीई लाइनचं टेस्टिंग : प्रेशर पडतंय, गुत्तेदार म्हणतो 'पाइप फुगतोय'. खरं का?

तेरणाकाठ (औसा)
राम राम मंडळी. आम्ही चार जणांनी मिळून विहिरीवरून वरच्या शेततळ्यापर्यंत लाइन टाकलीय. विहीर नदीकाठाला, शेततळं माळावर. लांबी १२०० मीटर, पाइप ११० मिमी एचडीपीई, पीई १००, पीएन १०, सगळे जॉइंट बट वेल्डिंगचे. विहिरीच्या तोंडापासून तळ्याच्या काठापर्यंत चढ ४२ मीटर. मोटर साडेसातची. काळ्या रानात मुरूम अंथरून पाइप टाकला, जॉइंट उघडे ठेवून बाकी चारी बुजवली.

परवा गुत्तेदाराच्या माणसांनी टेस्टिंग केलं. ८ किलो प्रेशर दिलं, तासाभरात ६.६ वर आलं. सगळी लाइन चालून बघितली, कुठं ओल दिसली नाही. गुत्तेदार म्हणायलाय, "एचडीपीई रबरासारखा आहे, प्रेशरनं फुगतो, म्हणून काटा पडतो. गळती नाही." आता तो उरलेली चारी बुजवून बाकीचे पैसे मागायलाय. भावकीतले म्हणतात थाप मारतोय. एकदा चारी बुजली आणि वर सोयाबीन पेरलं की मग कुठं खोदत बसायचं? जाणकारांनी सांगा, टेस्ट प्रेशर ८ बरोबर होतं का, किती वेळ ठेवायचं, आणि पडलेलं प्रेशर पाइप फुगल्याचं की गळतीचं हे ओळखायचं कसं?

साईटवाला_बीड
तेरणाकाठ भाऊ, अजिबात पैसे सोडू नका. आमच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर नियम साधा आहे : पाइपच्या क्लासच्या दीडपट प्रेशर, २४ तास, काटा हलता कामा नये. तुमचा पाइप पीएन १०, म्हणजे १५ किलो द्यायला पाहिजे होतं. ८ किलोवर टेस्टिंग म्हणजे नुसती दाखवायची गोष्ट. तासाभरात दीड किलो पडलं म्हणजे कुठंतरी वेल्डिंग कच्चं आहे.

मोसंबीवाला_जालना
आमच्याकडं मागच्या वर्षी असंच झालं होतं. पीव्हीसीची लाइन, रबर रिंगवाली. मोटर चालू केली आणि वळणावरचा बेंड पाइपातून निसटून बाहेर आला. गुत्तेदारानं बेंडमागं काँक्रीट टाकलं होतं, पण आदल्या दिवशीचं, ओलंच. तुम्ही पण बेंडमागं ठोकळे टाकलेत का बघा. आणि काँक्रीटला आठवडाभर पाणी मारल्याशिवाय प्रेशर देऊ नका.

जलवाहिनी
मोसंबीवाले दादा, तुमचं रबर रिंगच्या लाइनला शंभर टक्के लागू आहे. ह्यांची लाइन मात्र टोकापासून टोकापर्यंत वेल्ड केलेली, त्यामुळं बेंड ओढला तरी सुटत नाही. ठोकळ्याचा विचार त्यांना व्हॉल्व आणि फ्लँज येतात तिथंच करायचा.

तेरणाकाठ, उत्तर देण्याआधी दोन गोष्टी सांगा. गेज कुठं लावलं होतं, विहिरीवर की तळ्यावर? आणि पाणी कुठून भरलं?

तेरणाकाठ (औसा)
गेज तळ्यावर होतं सर. तिकडं रस्ता आहे, म्हणून टँकर तिकडंच आणले. ट्रॅक्टरचे पाच-पाच हजार लिटरचे दोन टँकर वरून पाइपात सोडले आणि टेस्टिंग पंप तिथंच लावला. तेव्हा मोटर विहिरीत उतरवली नव्हती, आता उतरवलीय.

जलवाहिनी
मग ह्या टेस्टवरून गुत्तेदाराचं खरं-खोटं काहीच करता येत नाही. कारण सांगतो.

पाण्याचा दहा मीटरचा उभा स्तंभ म्हणजे एक किलो. वरच्या गेजवर ८ दिसत होते तेव्हा ४२ मीटर खाली विहिरीजवळच्या पाइपात ८ अधिक ४.२, म्हणजे १२.२ किलो होते. लाइनच्या खालच्या अर्ध्या भागावर त्या तासात पाइपच्या दर्जापेक्षा जास्त ताण होता. तेवढ्यानं पाइप फुटत नाही, कारखान्यात त्याला याहून कडक परीक्षा असते. पण एचडीपीईवर ताण जितका जास्त, तितका तो जास्त सैलावतो आणि प्रेशर तितकं जास्त पडतं. टेस्ट प्रेशर नेहमी लाइनच्या सगळ्यात खालच्या बिंदूला मोजायचं. तुमच्याकडं ती जागा विहिरीचं तोंड आहे, गेज तिथं पाहिजे.

दुसरं म्हणजे पाणी वरून ओतलं. खाली जाणारं पाणी आतल्या हवेला वर यायला वाटच देत नाही. जिथं जिथं लाइन उंचवट्यावरून गेलीय तिथं हवेचे कप्पे अडकले असणार. हवा दबते, त्यामुळं काटा कशानं पडतोय हेच कळेनासं होतं.

आता टेस्ट प्रेशर. साईटवाले भाऊ, दीडपट बरोबर आहे, पण दीडपट कशाच्या ते बघा. सीपीएचईईओच्या मॅन्युअलमध्ये तो हिशेब लाइनमध्ये प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रेशरवर आहे : चालत्या प्रेशरच्या दीडपट, किंवा चालतं प्रेशर अधिक पाण्याचा धक्का, यातलं जे जास्त असेल ते. पाइपच्या कारखान्यातल्या टेस्ट प्रेशरच्या वर मात्र जायचं नाही. इथं चढ ४.२ किलो, घर्षणाचा साधारण एक किलो, म्हणजे मोटर चालू असताना विहिरीच्या तोंडाला ५.२. त्याच्या दीडपट ७.८.

धक्क्याचं बघू. लाइट गेली की मोटर एकदम बंद पडते आणि पाणी उलटं येऊन आदळतं. लोखंडी पाइपात ही लाट सेकंदाला हजार मीटरच्या वर पळते. एचडीपीई लवचिक, त्यात ती तीनशेच्या आसपास. तुमच्या मोटरवर पाइपातल्या पाण्याचा वेग सेकंदाला ०.९ मीटर धरला तर धक्का अडीच किलोच्या थोडा वर जातो. ५.२ मध्ये तो मिळवला की परत ७.८ च येतं. तेव्हा विहिरीच्या तोंडाला ८ किलो हा आकडा योग्य आहे. गुत्तेदारानं आकडा बरोबर धरला, जागा चुकीची धरली.

साईटवाला_बीड
सर, मान्य करतो की चढ धरायला पाहिजे. पण २४ तास हे मॅन्युअलमध्येच आहे. फील्ड टेस्ट प्रेशर कारखान्याच्या टेस्ट प्रेशरच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी असेल तर टेस्ट किमान २४ तास ठेवा असं स्पष्ट लिहिलंय. मी डीआयच्या लाइनला तसंच करतो आणि काटा हलत नाही.

जलवाहिनी
डीआयला करताय ते बरोबरच. तिथंही काटा अजिबात हलू नये असा नियम नाही. दर ३० मीटर दाबामागे, एका दिवसात, पाइपच्या प्रत्येक मिलिमीटर व्यासाला आणि प्रत्येक किलोमीटरला ०.१ लिटर एवढं पाणी घटलेलं चालतं. २०० मिमीची एक किलोमीटर लाइन ९ किलोवर असेल तर दिवसाला ६० लिटर झाले. शिवाय आतलं सिमेंटचं अस्तर पाणी पितं, म्हणून आधी एक दिवस लाइन भरून ठेवावी लागते.

एचडीपीईला २४ तास गेज लावून बसलात तर काटा पडणारच. पाइप ठणठणीत असला तरी पडणार. ताणाखाली हा पाइप तासन्‌तास हळूहळू रुंद होत राहतो, आत पाणी तेवढंच राहतं, म्हणून प्रेशर उतरतं. आठ तासांपेक्षा जास्त वेळ त्याला टेस्ट प्रेशरखाली ठेवूही नये. तिथं वेळ वाढवून निकाल लागत नाही, पद्धतच बदलावी लागते.

रूपाली_परभणी
सर, मी डिप्लोमा करून आता साईटवर जाते. मग गुत्तेदाराचं खरंच आहे ना? पाइप फुगतोय म्हणून प्रेशर पडतंय. आणि असं असेल तर एखादी खरी गळती असली तरी कुणीही 'फुगतोय' म्हणून झाकू शकेल. फरक दिसतो कुठं?

जलवाहिनी
रूपाली, मुद्द्यावर बोट ठेवलंस. गुत्तेदाराचं म्हणणं खरं असू शकतं, तसंच त्याच्या आड गळतीही लपू शकते. फरक दोन ठिकाणी दिसतो.

पहिली जागा, काटा पडण्याची चाल. पाइप सैलावल्यामुळं पडणारं प्रेशर आधी भराभर पडतं आणि मग मंदावत जातं. दहाव्या मिनिटापासून विसाव्यापर्यंत जेवढं पडलं, साधारण तेवढंच पुढं विसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंत पडतं. गळती मात्र मंदावत नाही, दर दहा मिनिटांना जवळपास सारखंच पडत राहतं. म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा सांगून भागत नाही, मधले आकडे वहीत पाहिजेत.

पण गळती बारीक असली तर ती ह्या चालीत मिसळून जाते. तेव्हा दुसरी, पक्की पद्धत. युरोपातल्या ईएन 805 मध्ये आहे ती. तासभर लाइन सोडून द्यायची, प्रेशर पडेल तेवढं पडू द्यायचं. टेस्ट प्रेशरच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त पडलं तर तिथंच थांबा. नसेल पडलं तर मुद्दाम थोडं पाणी झटकन बाहेर सोडून प्रेशर आणखी १० ते १५ टक्के खाली आणायचं आणि व्हॉल्व बंद करायचा. ताण कमी झाल्यामुळं आता पाइप उलटा आकसायला लागतो. पाइप शाबूत असेल तर पुढच्या अर्ध्या तासात काटा थोडा वर चढतो किंवा जागेवर राहतो. गळती असेल तर काटा चढून परत उतरतो, नाहीतर न चढता उतरतच जातो. फुगण्याचं कारण इथं चालत नाही, कारण पाइप आता फुगतच नसतो.

सोडलेलं पाणी बादलीनं मोजून ठेवायचं. त्यावरून आत हवा राहिलीय का ते कळतं. ह्या लाइनला एक किलो प्रेशर उतरवताना १७ लिटरपेक्षा जास्त पाणी निघालं तर आत हवा आहे असं समजा.

रूपाली_परभणी
१७ कसे आले सर? तेवढं दाखवाल का?

जलवाहिनी
```
ΔV = 1.2 × V × Δp × (1/Ew + D/(e × Er))

V  = 8290 L      Δp = 100 kPa
Ew = 2100000 kPa
D  = 93.8 mm     e  = 8.1 mm
Er = 700000 kPa
ΔV = 16.9 L
```
V म्हणजे लाइनमधलं एकूण पाणी, D आतला व्यास, e पाइपची जाडी. Ew पाण्याचा ताठपणा आणि Er पाइपचा. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्याचा वाटा अर्ध्या लिटरच्या आत आहे. बाकी सगळं पाइपच्या आकसण्याचं. सुरुवातीचा 1.2 हवेसाठी दिलेली सूट, ती काढली तर १४ लिटर येतात. Er चा आकडा तापमानावर हलतो. आपल्याकडच्या उन्हात पाइप मऊ पडतो आणि पाणी थोडं जास्त निघतं. म्हणून १७ ऐवजी १८ निघाले तर घाबरू नकोस, पंचवीस निघाले तर थांब.

मोसंबीवाला_जालना
एवढं पाणी आणायचं कुठून? मे महिना चालू आहे, आमच्याकडं माणसाला प्यायला टँकर. त्यापेक्षा कॉम्प्रेसर लावून हवेनं टेस्ट करा की. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात. आमच्या इथं टायरवाला करून देतो.

जलवाहिनी
दादा, हे कृपा करून करू नका आणि कुणाला सांगूही नका. पाण्यानं भरलेल्या लाइनचा जॉइंट सुटला तर फवारा उडतो आणि क्षणात प्रेशर शून्यावर येतं. हवा दबलेली असली की तीच लाइन शेकडो पट ऊर्जा धरून बसते. जॉइंट सुटला की पाइप चारीतून उसळून बाहेर येतो, शेजारचा माणूस जागेवर जातो. आठ किलो हवेजवळ साबणाचं पाणी घेऊन वाकणं म्हणजे जिवाशी खेळ. पाणी कमी असेल तर लाइनचे दोन-तीन तुकडे करून तपासा आणि पहिल्याचं पाणी पुढच्यात घ्या. ह्यांच्या बाबतीत तर टेस्टचं पाणी शेवटी त्यांच्याच शेततळ्यात जाणार आहे.

तेरणाकाठ, विहिरीत पाणी किती आहे?

तेरणाकाठ (औसा)
दीड परस असेल सर. सकाळपर्यंत परत भरतंय.

जलवाहिनी
पुष्कळ झालं. आता असं करा. लाइन रिकामी करून रात्रभर मोकळी ठेवा. एकदा ताणलेल्या पाइपाला परत टेस्ट करायच्या आधी किमान आठ तास विश्रांती लागते, नाहीतर आकडे फसवतात.

सकाळी खालून, मोटरनं भरा, तळ्याकडचं तोंड उघडं ठेवून. मोटर सेकंदाला सहा लिटर देते, तेवढ्या जोरानं भरू नका. बायपासनं बहुतेक पाणी परत विहिरीत सोडा आणि लाइनमध्ये सेकंदाला एक लिटरच्या आसपास जाऊ द्या. सव्वादोन-अडीच तास लागतील. वरून निघणारं पाणी गुरगुर न करता सलग यायला लागेपर्यंत थांबा.

वरचं तोंड डमी प्लेट लावून बंद करा, नुसत्या व्हॉल्ववर विसंबू नका. व्हॉल्व आतून पाझरला तर गळती शोधत रान उकराल. खाली टेस्टिंग पंप आणि लाइन यांच्यामध्ये एक व्हॉल्व पाहिजे आणि गेज त्या व्हॉल्वच्या लाइनकडच्या बाजूला. पंपातला उलटा पडदा पाझरतो आणि सगळे जॉइंटला दोष देत बसतात. गेज १६ किलोपर्यंतचं, मोठ्या तबकडीचं घ्या. ४० किलोच्या गेजवर पाव किलोचा फरक डोळ्याला दिसत नाही.

ऊन चढायच्या आत ८ किलो करा, अर्धा तास पंप मारत ते तिथंच धरून ठेवा, मग व्हॉल्व बंद करून तासभर नुसते आकडे लिहा. पुढचं वर सांगितलंय.

तेरणाकाठ (औसा)
सर, आज केलं. गुत्तेदाराचा माणूस आणि आम्ही चौघं हजर होतो. विहिरीच्या तोंडाचे आकडे देतो. सुरुवातीला ८.०, दहा मिनिटांनी ७.७, वीसला ७.५५, चाळीसला ७.४, तासाला ७.३. मग पाणी सोडून ६.३ वर आणलं. निघालेलं पाणी दीड बादली आणि वर अर्धा लिटर. बादली १५ लिटरची, म्हणजे २३ लिटर.

जलवाहिनी
चाल सुरेख आहे. दहा ते वीसला ०.१५, वीस ते चाळीसला पुन्हा ०.१५. मोठी गळती नक्की नाही. पण २३ लिटर म्हणजे हवा आहे. पाइपच्या वाट्याचे साधारण १५ काढले तर उरलेलं सात-आठ लिटर हवा पसरल्यामुळं निघालं. उलटा हिशेब केला तर मोकळ्यावर पाचशे लिटरच्या आसपास हवा होते, म्हणजे सत्तरएक मीटर पाइपाएवढी. पुढचे आकडे बघण्यात अर्थ नाही, आधी हवा काढा. मध्ये कुठं उंचवटा आहे? तिथं एअर व्हॉल्व आहे का?

तेरणाकाठ (औसा)
पांदण रस्ता ओलांडतो तिथं लाइन वर येऊन परत खाली जाते. तिथं एअर व्हॉल्वसाठी सॅडल बसवलंय, पण व्हॉल्व यायचा आहे म्हणून प्लग मारून ठेवलाय.

वेल्डर_नांदेड
तिथंच आहे मग हवा. प्रेशर पूर्ण उतरवल्याशिवाय प्लगला पान्हा लावू नका. प्लगच्या जागी एक छोटा बॉल व्हॉल्व बसवा, लाइन भरताना उघडा ठेवा, पाणी यायला लागलं की बंद करा. आणि सॅडल घट्ट करताना आतल्या रबरावर माती नाही ना ते बघा. काळी माती ओल्या हाताला चिकटते आणि रबराखाली जाऊन बसते.

साईटवाला_बीड
गळतीची जागा काढायची अजून एक युक्ती. वरचं तोंड उघडं ठेवून लाइन काठोकाठ भरा आणि रात्रभर सोडा. पाणी गळतीच्या उंचीपर्यंत उतरून थांबतं. सकाळी खालच्या गेजवर समजा ३ किलो दिसले, तर गळती ३० मीटर उंचीवर.

जलवाहिनी
युक्ती चांगली आहे, मोठ्या गळतीला मी वापरलेली आहे. पण इथं पाणी दहा मीटर खाली यायला जवळपास दोन हजार लिटर निघून जावे लागतील. तासाला तीन-चार लिटरची झिरप असेल तर आठवडे लागतील. शिवाय मधल्या उंचवट्यावर हिशेब चुकतो.

तेरणाकाठ (औसा)
रात्रभर मोकळी ठेवून आज परत केलं. भरताना पांदणीजवळ बॉल व्हॉल्वमधून बराच वेळ नुसती हवा निघत होती, आवाज लांबपर्यंत येत होता. तासाभरानंतरचा आकडा कालच्यासारखाच, ७.३. एक किलो उतरवताना १५ लिटर निघाले.

आता पुढचं. ६.३ पासून काटा आठ मिनिटांत ६.४५ वर गेला. थोडा वेळ थांबला. अर्ध्या तासाला ६.३५. गुत्तेदार म्हणाला सुरुवातीपेक्षा वरच आहे, पास झाली.

जलवाहिनी
पास नाही. काटा चढला म्हणजे पाइप आकसला. मग ६.४५ वरून ६.३५ वर आला तो कशामुळं? शंका असली की हीच पाहणी दीड तासापर्यंत लांबवायची. त्या वेळात सगळ्यात वरच्या आकड्यापासून पाव किलोपेक्षा जास्त पडता कामा नये.

तेरणाकाठ (औसा)
सर, तुमचं लिहिलेलं वाचून तिथंच थांबलो. दीड तासाला ६.१.

जलवाहिनी
६.४५ वरून ६.१, म्हणजे ०.३५. गळती आहे. एका किलोला १४ लिटर धरले तर साधारण पाच लिटर पाणी सव्वा तासात गेलं. तासाला चार लिटर समजा. चारीत अशी झिरप काळी माती पिऊन टाकते, वर ओल दिसायला दिवस जातात. वेल्डिंग उकरायच्या आधी जोडलेले भाग बघा : विहिरीवरचे फ्लँज, सॅडल, वरची डमी प्लेट. कोरड्या फडक्यानं पुसा, अर्ध्या तासानं कोरडा कागद फिरवा.

वेल्डर_नांदेड
माझी पैज सॅडलवर.

तेरणाकाठ (औसा)
सॅडलच निघालं. खालच्या बाजूनं, जिथं हात लावल्याशिवाय कळत नव्हतं. खोलून बघितलं तर रबराखाली मातीची बारीक रेघ. धुऊन, पुसून, नवीन रबर टाकून बसवलं. रात्रभर विश्रांती, आज पुन्हा सगळं पहिल्यापासून. एक किलोला १५ लिटर. ६.३ वरून ६.५ वर चढला आणि दीड तासाला ६.४५.

जलवाहिनी
ही झाली पास. सगळे आकडे एका कागदावर, तारीख, गेजची जागा आणि दोघांच्या सह्या घेऊन ठेवा. गुत्तेदाराला त्याचे पैसे द्या. पाइप फुगतो हे त्याचं खरं होतं, आणि सॅडल गळत होतं हेही खरं होतं.

साईटवाला_बीड
पद्धत पटली. पण आमच्या निविदेत २४ तासच लिहिलंय, पाइप कुठलाही असो. बिल काढणारा साहेब कागद बघतो, काट्याची चाल बघत नाही. एचडीपीईच्या लाइनला २४ तासांत प्रेशर पडलं की मी काय दाखवू?

जलवाहिनी
टेस्टच्या आधी पद्धत लेखी मंजूर करून घ्या, आयएस 7634 चा दुसरा भाग पॉलिथिलीन पाइपसाठीच आहे, त्याचा आधार द्या. नंतर भांडण्यात उपयोग नाही. तरी साहेब ऐकेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. काही ठिकाणी मान्य झालं, काही ठिकाणी लोकांनी दर दोन तासांनी पंप मारून २४ तास काढले.

रूपाली_परभणी
एक शेवटचं विचारते. टेस्ट पास झाली म्हणजे सगळे वेल्ड चांगले, असं धरायचं का?

वेल्डर_नांदेड
नाही ताई. हीटर प्लेट कमी तापली, किंवा प्लेट काढल्यावर जोडायला उशीर झाला, तर जॉइंट वरून झकास दिसतो आणि आत नुसता चिकटलेला असतो. असा थंड जॉइंट ८ किलोला दीड तास आरामात धरतो, आणि दोन पावसाळ्यांनी काळी माती फुगून-आटून पाइप हलवायला लागली की तुटतो. ते बघायचं तर वेल्डिंग चालू असतानाच बघावं लागतं. बाहेरची वळी दोन्ही बाजूंनी सारखी, गोलसर आहे का? ती तासून काढा आणि जागोजागी उलटी वाकवून बघा. वाकवल्यावर मधोमध चीर पडली तर तो जॉइंट कापायचा. मी रोजचा पहिला जॉइंट कापूनच बघतो, मालक कुरकुर करतो तरी.

तेरणाकाठ (औसा)
आमच्या वळ्या कुणी तासल्या नाहीत. जॉइंट अजून उघडे आहेत, उद्या चार-पाच तासून वाकवून बघतो आणि इथं फोटो टाकतो. मगच चारी बुजवू.

वेल्डर_नांदेड
टाका. एक फोटो तासलेल्या वळीच्या आतल्या बाजूचा, जवळून. आणि उन्हाच्या भर दुपारी वेल्ड केलेले जॉइंट आधी निवडा, वाऱ्याच्या दिवशी केलेले तर नक्की.